सोयाबीनच्या सायलोवर धान्याचा भार नेमका कुठे येतो?

लातूर, नांदेड, हिंगोली या पट्ट्यात डाळमिलवाल्यांनी आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनी धान्य साठवायचे नालीदार पत्र्याचे गोल सायलो उभारायला सुरुवात केली, तेव्हापासून संरचना अभियंत्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो: “साहेब, बाजूनंच एक तोंड ठेवलं तर ट्रॉली थेट खाली लागंल की, मधलं कन्व्हेयर कशाला पाहिजे?” प्रश्न रास्त आहे, कारण तळाखालचा बोगदा, कन्व्हेयर आणि मोटार यांवर बराच खर्च होतो. तरीही डिझाइन नोटमध्ये त्याचे उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असेच येते. ते तसे का येते हे कळण्यासाठी सायलोच्या भिंतीवर धान्य कसे दाबते, धान्य काढताना त्या दाबाचे काय होते आणि शेवटी ते सगळे वजन काळ्या मातीत कसे उतरते, हे क्रमाने पाहावे लागते.

हिशेबासाठी आपण एकच सायलो धरू. व्यास ८ मीटर, आतील धान्याची उंची १६ मीटर, तळ सपाट, भिंत नालीदार गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या एकावर एक बोल्टने जोडलेल्या कड्यांची आणि बाहेरून भिंतीला ताठ ठेवणाऱ्या २४ उभ्या पट्ट्या, म्हणजे स्टिफनर. साठवण सोयाबीनची. सोयाबीनचा एक घनमीटर ढीग साधारण पाऊण टन भरतो. डिझाइनसाठी तो ०.८ टन धरू, म्हणजे सायलोत सुमारे ६४३ टन माल मावतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून पुढे सगळीकडे बल आणि दाब टनांतच दिले आहेत.

पाणी आणि धान्य यांतला फरक

हीच टाकी पाण्याने भरली असती, तर तळाशी भिंतीवर किती दाब येईल हे खोलीवरून थेट सांगता आले असते, कारण पाण्याचा दाब खोलीबरोबर सरळ वाढत जातो आणि पाणी भिंतीला धरून राहत नाही. धान्य भिंतीला घासते. दाणा खाली सरकू पाहतो, भिंत त्याला घर्षणाने अडवते आणि त्या थराचे काही वजन भिंतीच्या अंगावर जाते. त्यामुळे जसजसे खाली जावे तसतसे वरच्या वजनापैकी कमीकमी वजन तळाकडे पोहोचते आणि एका खोलीनंतर दाब जवळजवळ वाढायचा थांबतो. जर्मन अभियंता यान्सन याने १८९५ मध्ये धान्याच्या एका पातळ थरावरील बलांचा समतोल मांडून हे सूत्ररूपात दाखवले आणि आजच्या बहुतेक मानकांचा पाया तेच सूत्र आहे:

```
p = (γ·R/μ) · (1 − e^(−μ·K·z/R))
```

यात `p` हा भिंतीवरचा आडवा दाब, `γ` धान्याची घनता आणि `z` खोली. `R` म्हणजे आडव्या छेदाचे क्षेत्रफळ भागिले परीघ. गोल सायलोत तो व्यासाच्या चौथा हिस्सा असतो, म्हणजे आपल्याकडे २ मीटर. `μ` हा धान्य आणि भिंत यांच्यातील घर्षणांक, तर `K` हे उभ्या दाबाचा किती भाग आडवा होतो ते सांगणारे गुणोत्तर. सूत्र लहान आहे, पण त्यातील `μ` आणि `K` हे दोन आकडे निसर्गात स्थिर नसतात. ते धान्याच्या जातीवर, ओलाव्यावर, पत्र्याच्या पृष्ठभागावर आणि मुख्य म्हणजे धान्य स्थिर आहे की हलते आहे यावर बदलतात. डिझाइन चुकते ते बहुतेक वेळा इथेच, कारण प्रत्येक तपासणीसाठी या आकड्यांची वाईटात वाईट जोडी निराळी असते: आडवा दाब जास्तीत जास्त हवा असेल तर घर्षण कमी धरावे लागते आणि भिंतीवरचा उभा भार जास्तीत जास्त हवा असेल तर घर्षण जास्त धरावे लागते. एकच सरासरी आकडा घेऊन सगळा हिशेब उरकणाऱ्या नोटवर सही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भरताना एक, काढताना दुसरे

भारतीय मानक आयएस ४९९५ काँक्रीटच्या बिनसाठी, म्हणजे साठवण टाक्यांसाठी आहे आणि स्टीलच्या बिनसाठी आयएस ९१७८ आहे. आयएस ४९९५ मध्ये दाणेदार मालासाठी भरण्याची आणि काढण्याची स्थिती वेगवेगळी मानली आहे. भरताना `K` ०.५ आणि भिंतीचा घर्षणकोन धान्याच्या अंतर्घर्षणकोनाच्या, म्हणजे दाणा दाण्यावरून घसरू लागतो त्या कोनाच्या ०.७५ पट, काढताना `K` १.० आणि घर्षणकोन ०.६ पट. घर्षणकोनाचा टॅन्जंट म्हणजे घर्षणांक. आपल्या सोयाबीनचा अंतर्घर्षणकोन २८ अंश धरला, तर भरताना घर्षणांक सुमारे ०.३८ आणि काढताना सुमारे ०.३० येतो.

हे आकडे सूत्रात घातले की १६ मीटर खोलीवर भरतानाचा आडवा दाब ३.३ टन प्रति चौरस मीटर येतो आणि काढतानाचा ४.८. माल तोच, उंची तीच, सायलो तोच. फक्त खालचा स्लाइड गेट उघडला आणि दाब जवळजवळ दीडपट झाला. (घर्षण नसते, तर हाच दाब १२.८ पर्यंत गेला असता.) याचे कारण धान्याच्या आतल्या रचनेत आहे. भरताना प्रत्येक थर वरच्या वजनाखाली उभा दाबला जातो, त्यामुळे सर्वांत मोठा ताण उभ्या दिशेने असतो. गेट उघडल्यावर खालचा आधार निघतो, धान्य उभ्या दिशेने सैल पडते आणि खाली येता येता आडव्या दिशेने दाटते. मग मोठा ताण आडवा होतो आणि तो भिंत झेलते. या बदलाला वेळ लागत नाही. गेट उघडल्यावर पहिल्या काही क्षणांतच भिंतीवरचा दाब वाढतो. म्हणूनच वर्षभर भरलेला सायलो व्यवस्थित उभा आहे, एवढ्यावरून तो सुरक्षित ठरत नाही.

मालाचा ओलावा हा याहून वेगळा आणि जास्त कपटी भाग आहे. छपराच्या सांध्यातून किंवा तळातून पाणी शिरले, तर सोयाबीन फुगते आणि बंदिस्त जागेत फुगणाऱ्या दाण्याचा दाब कोणत्याही घर्षणसूत्रात बसत नाही. त्यासाठी डिझाइनमध्ये गुणक लावून भागत नाही. पाणी आत येऊ न देणे हाच उपाय आहे. मराठवाड्यातील दिवस-रात्रीच्या तापमानातल्या मोठ्या फरकाचीही नोंद घ्यावी लागते. दुपारी पत्रा प्रसरण पावतो, धान्य त्या वाढलेल्या जागेत किंचित बसते आणि पहाटे पत्रा आकुंचन पावू लागला की धान्य मागे सरत नाही. हा वाढीव ताण तुलनेने लहान असतो, पण तो आधीच्या ताणावर चढतो.

भिंतीला लागणारा कडेताण आणि बोल्टची भोके

आडव्या दाबाने गोल भिंत बाहेर ताणली जाते. या ताणाचा हिशेब सोपा आहे: दाब गुणिले त्रिज्या. तळाशी ४.८ गुणिले ४, म्हणजे भिंतीच्या प्रत्येक उभ्या मीटरला १९.३ टन ताण. त्यावर सुरक्षिततेसाठीचा १.५ चा भारगुणक लावला की २९ टन. खुद्द पत्रा हा ताण सहज घेतो. दोन मिलिमीटर जाडीच्या, ३५० प्रतीच्या पत्र्याची एक मीटर उंचीची पट्टी सुमारे ६४ टन घेऊ शकते. पण कडे एका अखंड पत्र्याचे नसते. ते बोल्टने जोडलेले असते आणि सगळा ताण उभ्या सांध्यातल्या बोल्टमधून जातो.

येथे साध्या अंदाजाला धक्का देणारी गोष्ट दिसते. १० मिलिमीटर व्यासाचा, ८.८ प्रतीचा एक बोल्ट कापला जायला सुमारे २.१ टन बल लागते. त्या हिशेबाने मीटरला १४ बोल्ट पुरेसे वाटतात. परंतु बोल्ट कापला जाण्याच्या कितीतरी आधी पातळ पत्र्यातले भोक लांबट होते. दोन मिलिमीटर पत्र्यात एका भोकाची चेपण्याविरुद्धची क्षमता अवघी ०.८५ टनाच्या आसपास येते, म्हणजे मीटरला ३४ बोल्ट लागतात. पत्रा ३ मिलिमीटरचा घेतला तर भोकाची क्षमता सुमारे १.२७ टन होते आणि २३ बोल्टवर काम भागते. त्यानंतर बोल्टच्या ओळींमधून जाणाऱ्या पत्र्याचा उरलेला छेद तपासावा लागतो. म्हणूनच खालची कडी जाड आणि वरची कडी पातळ असतात, आणि म्हणूनच उभारणी करणाऱ्या टोळीने जाडीची अदलाबदल केली, तर बाहेरून सायलो तसाच दिसतो, पण त्याची ताकद गेलेली असते. प्रत्येक पत्र्यावरची जाडीची खूण उभारतानाच तपासावी. नंतर ती तपासणे फार कठीण जाते.

पाहणीत हा दोष ओळखता येतो. खालच्या दोन-तीन कड्यांच्या उभ्या सांध्यावर बोल्टखालच्या वॉशरच्या एका बाजूने घासलेली चमकदार चंद्रकोर किंवा तेथून निघालेला गंजाचा ओघळ दिसला, तर पत्रा बोल्टवरून सरकला आहे आणि भोक लांबट झाले आहे असे समजावे. तसे दिसल्यास नुसता बोल्ट आवळू नये. सायलो रिकामा करावा आणि तो सांधा पुन्हा हिशेबात घ्यावा.

धान्य भिंतीला धरून लटकते तेव्हा

यान्सनच्या सूत्राची दुसरी बाजू अनेकांच्या लक्षातून सुटते. तळावर कमी दाब येतो, याचा अर्थ उरलेले वजन भिंतीवर गेले आहे. आपल्या सायलोत भरतानाच्या स्थितीत परिघाच्या प्रत्येक मीटरला १२.५ टन आणि काढतानाच्या स्थितीत १६ टन वजन भिंत खाली ओढते. म्हणजे ६४३ टनांपैकी भरताना सुमारे ३१५ टन, तर काढताना सुमारे ४०० टन भिंतीवर असते.

नालीदार पत्र्यात हे प्रमाण आणखी वाढते, कारण नालीत दाणे बसून राहतात आणि प्रत्यक्ष घर्षण धान्य-पत्र्याचे न राहता बरेचसे धान्य-धान्याचे होते. घर्षणांक ०.४८, `K` ०.६ आणि वर दहा टक्के काढण्याची वाढ धरली, तर मीटरला सुमारे १७ टन येतात. तोच आकडा मी डिझाइनला घेईन. आडव्या नाल्या असलेला पत्रा उभे वजन घेत नाही. तो हार्मोनियमच्या भात्यासारखा दाबला जातो. त्यामुळे सगळे उभे वजन स्टिफनरवर जाते. परीघ २५.१ मीटर आणि स्टिफनर २४, म्हणजे प्रत्येकाला १.०५ मीटर पट्टा आणि तळाशी सुमारे १७.८ टन; भारगुणकासह २६.७ टन. स्टिफनरचा छेद १५ चौरस सेंटिमीटर असला, तर त्यातील ताण, पोलाद ज्या ताणाला कायमचे विकृत होऊ लागते त्याच्या निम्म्याच्या आसपास राहतो आणि नुसत्या ताकदीचा प्रश्न येत नाही. प्रश्न वाकण्याचा असतो. पातळ वाकवलेल्या पत्र्याचा स्टिफनर बाजूला किंवा बाहेर वाकून बसू शकतो आणि त्याला तसे वाकू न देणे हे काम त्याला बोल्टने जोडलेल्या भिंतीचे असते. भिंतीचा गोलवा बिघडला की तो आधारही जातो. बाजूच्या तोंडाचा प्रश्न नेमका येथे येऊन मिळतो.

स्टिफनरच्या तळाशी असलेल्या बेसप्लेटखाली ग्राउट नीट भरलेला हवा. एका प्लेटखाली दोन मिलिमीटर फट राहिली, तर तो स्टिफनर वजन घेत नाही आणि शेजारचे दोन ते घेतात. हा दोष हातोड्याने ठोकून आवाजावरून कळतो, तरी उभारणीच्या घाईत तो सर्वाधिक वेळा राहतो.

बाजूचे तोंड

आता सुरुवातीचा प्रश्न. मधल्या तोंडातून धान्य काढताना वरच्या पृष्ठभागाच्या मधोमध खड्डा पडतो, धान्याची एक उभी धार सायलोच्या मध्यातून खाली जाते आणि भिंतीला सर्व बाजूंनी स्थिर धान्याचा सारखा टेकू असतो. गोल भिंतीला दाब सर्व बाजूंनी सारखा असला की तिच्यात फक्त ताण येतो. ती वाकत नाही. पातळ पत्र्याला ताण चालतो, वाकणे चालत नाही.

तोंड भिंतीजवळ असेल, तर धान्याची वाहती धार भिंतीला लागून तयार होते. या धारेचा व्यास २.४ मीटर धरला, तर तिच्यासाठी `R` अवघा ०.६ मीटर येतो आणि ती बाजूच्या स्थिर धान्याला घासत असल्याने घर्षणही जास्त असते. धारेतला आडवा दाब एक टन प्रति चौरस मीटरच्या आसपास राहतो. तिच्या शेजारच्या स्थिर धान्यात तो ३.३ टन असतो आणि धारेच्या दोन्ही कडांना त्याहूनही जास्त, कारण धारेने सोडलेला भार कडांचे धान्य उचलते. म्हणजे भिंतीच्या दीड-दोन मीटरच्या कमानीत दाब एक टनावरून साडेतीन टनांच्या वर उडी घेतो. गोल भिंत तेथे आत सपाट होऊ पाहते आणि दोन्ही कडांना बाहेर फुगू पाहते. पत्र्यात आडवे वाकणे येते. ज्या ठिकाणी आतून टेकू नाही, नेमक्या त्याच ठिकाणचा स्टिफनर आत वाकू लागतो. आणि भिंतीतल्या उभ्या बलाचे वाटप बिघडून त्या पट्ट्यावर ज्यादा दाब येतो. अशा सायलोची पहिली खूण म्हणजे तोंडाच्या वर, जमिनीपासून काही मीटरवर, भिंतीत पडलेली उभी सपाटी. ती सकाळी तिरप्या उन्हात नालीच्या सावल्या तुटलेल्या दिसल्याने लवकर नजरेस येते. ती दिसल्यावर पुन्हा धान्य काढणे सुरू ठेवणे म्हणजे भिंत कोसळण्याची वाट पाहणे होय.

सपाट तळाच्या सायलोत मधल्या तोंडाशिवाय त्याच कन्व्हेयरवर मध्य आणि भिंत यांच्या दरम्यान दोन-तीन कडेची तोंडे असतात. तीसुद्धा याच कारणाने धोक्याची आहेत. मधले तोंड आधी उघडायचे, त्यातून धान्य यायचे पूर्ण थांबले आणि तळाशी फक्त उताराचा ढीग उरला, की मगच पुढची तोंडे उघडायची. चालकाने ‘माल अडकला’ म्हणून कडेचे तोंड आधी उघडले, तर डिझाइनमधले मधले तोंड कागदावरच राहते. यासाठी कडेच्या गेटना कुलूप आणि त्याची किल्ली जबाबदार माणसाकडे, एवढी व्यवस्था पुरते. अडकलेला माल मोकळा करायला माणसाने आत उतरणे मात्र कोणत्याही परिस्थितीत होऊ नये. कडक झालेला थर पायाखाली फुटला, तर धान्य काही सेकंदांत माणसाला गिळते.

बाजूने धान्य काढणे अगदीच आवश्यक असेल, तर भिंतीला आतून उभी नाळ लावतात. तिला उंचीवर ठिकठिकाणी भोके असतात आणि धान्य नेहमी वरच्या थरातून नाळेत पडते, त्यामुळे खालचे धान्य हलत नाही. मात्र नाळेवरची ओढही स्टिफनरवरच येते, म्हणून ती सायलो उभा राहिल्यावर जोडण्याची गोष्ट नाही. ती पहिल्या हिशेबातच असली पाहिजे.

रिकामा सायलो आणि भरलेला सायलो

धान्य नसते तेव्हा भिंत मोकळी असते. सोयाबीन दिवाळीच्या सुमारास येते आणि बराच माल उन्हाळ्यापर्यंत निघून जातो. म्हणजे मे महिन्यात वळवाचे वादळ येते तेव्हा सायलो बहुधा रिकामा असतो. वाऱ्याचा दाब चौरस मीटरला ०.१ टन धरला, तर ८ मीटर रुंद आणि छपरासह १८ मीटर उंच सायलोवर, गोल आकारासाठीचा ०.७ गुणक लावून, सुमारे १० टन आडवे बल येते आणि तळाशी ९१ टन-मीटर उलटवणारे आघूर्ण. सायलोचे स्वतःचे वजन १३ टनांच्या आसपास असते. ते पुरत नाही आणि वाऱ्याच्या बाजूच्या स्टिफनरला भारगुणकाशिवाय सुमारे १.३ टन उचल येते. अँकर बोल्ट त्यासाठी असतात. धान्य भरलेले असताना त्यांची गरज दिसत नाही, म्हणून ते सैल राहिलेले कोणाच्या लक्षात येत नाहीत.

भूकंपाचा हिशेब याच्या उलट आहे. तो भरलेल्या सायलोवर करायचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाआधी हा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या विभागात मोडत होता. २००२ च्या सुधारणेत तो तिसऱ्या विभागात आला. आपल्या सायलोत धान्याच्या वजनाचा ८० टक्के भाग हलतो असे धरले (उरलेला तळाच्या घर्षणाने धरून राहतो) आणि आडवा गुणांक ०.१ घेतला, तर सुमारे ५१ टन बल ८ मीटर उंचीवर येते. त्याने भिंतीत मीटरला आणखी ८.२ टन दाब वाढतो. भरलेल्या स्थिर स्थितीतील १२.५ टन त्यात मिळवून भूकंपासाठीचा १.२ गुणक लावला की २४.८ टन होतात, आणि काढतानाच्या १७ टनांना १.५ ने गुणले की २५.५. दोन्ही तपासण्या जवळजवळ बरोबरीला येतात. म्हणून लातूर-धाराशिवच्या पट्ट्यात भूकंपाची तपासणी वगळलेली सायलोची नोट अपुरी समजावी.

काळी माती

पायासाठी १०.५ मीटर व्यासाचा, ८० सेंटिमीटर जाड राफ्ट, म्हणजे काँक्रीटचा सलग चौथरा धरू. धान्य ६४३ टन, सायलो १३, यंत्रे १० आणि राफ्ट १७३ असे एकूण सुमारे ८४० टन होतात. जमिनीवरचा दाब सरासरी ९.७ टन प्रति चौरस मीटर. भूकंपात तो एका कडेला १३.७ पर्यंत जातो आणि दुसऱ्या कडेला ५.७ पर्यंत उतरतो, म्हणजे राफ्ट उचलला जात नाही. घट्ट मुरमावर हे आकडे सहसा निभावतात. अर्थात त्या जागेची माती तपासूनच ते मान्य करायचे.

येथे एक काळजी घ्यावी. भिंतीवरचा सर्वांत मोठा भार आणि तळावरचा सर्वांत मोठा दाब (भरताना ६.५ टन प्रति चौरस मीटर) एकाच वेळी येत नाहीत, एक वाढला की दुसरा कमी होतो. दोन्ही मिळवून राफ्ट केला तर तो उगाच जाड होतो, आणि सरासरी धरून केला तर भिंतीच्या रेषेखाली तो कमी पडतो. दोन्ही स्थिती वेगवेगळ्या तपासाव्यात. कन्व्हेयरचा बोगदा राफ्टला मधोमध छेदत असेल, तर सळया तेथे सलग राहत नाहीत. बोगद्याच्या भिंती आणि छत त्या सळयांचे काम घेतील असे तपशील द्यावेत.

खरी अडचण काळ्या मातीची आहे. रिकाम्या सायलोखाली राफ्टचा दाब केवळ २.३ टन प्रति चौरस मीटर असतो, तर काळी माती ओली झाल्यावर तिचा फुगण्याचा दाब १० टनांच्या वरही जाऊ शकतो. आणि सायलो रिकामा असतो तो पावसाळ्यातच. म्हणजे जून ते सप्टेंबर माती राफ्टला वर ढकलते, दिवाळीनंतर धान्य त्याला खाली दाबते आणि उन्हाळ्यात माती आटून तडकते. राफ्टच्या कडेखाली ओलावा मध्यभागापेक्षा लवकर बदलत असल्याने ही हालचाल सगळीकडे सारखी नसते; आणि भिंतीचे सगळे वजन तर कडेजवळच्या रेषेवर असते. म्हणून काळी माती तिच्या पूर्ण खोलीपर्यंत काढून राफ्ट मुरमावर बसवावा. माती खोल असेल, तर न फुगणाऱ्या मुरमाची थराथरांत दाबलेली भर घालावी किंवा बेसाल्टपर्यंत पाइल न्यावेत. काळ्या मातीचाच ढीग पुन्हा कडेला भरणे, हे बांधकामावर वारंवार दिसणारे काम, सक्तीने थांबवावे. भोवती पाणी साचणार नाही असा काँक्रीटचा उतार द्यावा.

पहिली भरणी एका दमात करू नये. एक तृतीयांश, म्हणजे सुमारे २१५ टन भरावे, राफ्टवर चार बाजूंना बसवलेल्या खुणांची पातळी ऑटो लेव्हलने घ्यावी, आठवडाभर थांबून पुन्हा घ्यावी आणि मगच पुढचा हिस्सा भरावा. आयएस १९०४ मध्ये सायलोच्या राफ्टसाठी असमान खचण्याची मर्यादा रुंदीच्या ०.००२५ पट आहे. आपल्या राफ्टला ती २६ मिलिमीटर येते. समोरासमोरच्या दोन खुणांत त्याच्या निम्मा, म्हणजे १३ मिलिमीटर फरक दिसला, की भरणी थांबवावी आणि डिझाइन करणाऱ्याला बोलवावे. सायलो कलला तर धान्यही एका बाजूला जास्त दाबते, आणि त्या बाजूच्या स्टिफनरवर हिशेबाबाहेरचा भार येतो. ही नोंद पहिल्या वर्षी प्रत्येक भरणीला आणि त्यानंतर दर वर्षी पावसाळ्याच्या आधी व नंतर घ्यावी आणि डिझाइन नोटच्या प्रतीसोबतच ठेवावी.